गाण्याचे शब्द यंत्राला का उमगत नाहीत, आणि दुरुस्त करता येईल असा मसुदा कसा काढायचा

प्रश्न: मुलाखती, व्याख्यानं लिहून काढायला व्हिस्पर हे ऐकलेलं लिहून काढणारं साधन छान चालतं. पण गाणं दिलं की भलतंच लिहितं, एकच ओळ वीस वेळा छापतं, आणि नुसतं संगीत वाजत असताना मनाची वाक्यं रचतं. असं का होतं? निदान हाताने दुरुस्त करता येईल इतका तरी मसुदा कसा मिळवावा?

उत्तर:

यात दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि त्यांचे इलाजही वेगळे आहेत. पहिली अडचण आवाजाची. गाताना उच्चार बदलतात आणि वाद्यं त्यांच्यावर चढतात, त्यामुळे शब्द ओळखायच्या खुणा ध्वनीतच पुसट झालेल्या असतात. दुसरी अडचण यंत्राच्या सवयीची. ऐकू आलं नाही तरी काहीतरी वाक्य पूर्ण करायचं, हे ते बोलण्याच्या साठ्यावरून शिकलेलं असतं. ओळ वीस वेळा छापली जाणं आणि संगीतावर वाक्यं उगवणं हे दुसऱ्या अडचणीतून येतं, आणि ते बऱ्यापैकी थांबवता येतं. भलते शब्द पडणं हे बहुतेक पहिल्या अडचणीतून येतं. तिथे यंत्राकडून मर्यादेपर्यंतच काम निघतं, पुढचं आपल्याला करावं लागतं.

आधी आवाजाचं पाहू. बोलताना स्वर साधारण दहावा भाग सेकंद टिकतो आणि व्यंजनं त्याच्या आगेमागे जवळजवळ तेवढीच जागा घेतात. गाताना सगळा वेळ स्वराला मिळतो. ‘दीप’मधला ‘दी’ दोन सेकंद लांबतो आणि ‘प’ मात्र तितकाच इवला राहतो, किंबहुना ओठ मिटून सोडून दिला जातो. ‘त’ आणि ‘द’, ‘क’ आणि ‘ग’, ‘प’ आणि ‘फ’ यांतला फरक काही हजारांश सेकंदांच्या खुणेवर ठरतो. नेमक्या त्याच क्षणी ठेक्याचा आघात पडतो, कारण गायक शब्द तालावरच टाकतो. ड्रमचा आघात म्हणजे सगळ्या कंपनसंख्यांवर पसरलेला छोटा स्फोट, आणि ‘प’ किंवा ‘ट’चा स्फोटही तसाच असतो. दोन्ही एकाच ठिकाणी आले की व्यंजन झाकलं जातं. ‘स’ आणि ‘श’ ज्या पट्ट्यात ओळखू येतात, म्हणजे साधारण चार ते आठ हजार हर्ट्झ, तोच झांजांचा आणि हाय-हॅटचा पट्टा आहे. म्हणून जोरदार ठेक्याच्या गाण्यात शब्दाच्या शेवटचा ‘स’ सर्रास गायब होतो, नाहीतर नसलेल्या जागी उगवतो.

स्वरांचं दुखणं वेगळं आहे. ‘ई’ आणि ‘ए’ कानाला वेगळे वाटतात ते तोंडाच्या पोकळीत तयार होणाऱ्या अनुनादांमुळे. ‘ई’चा पहिला अनुनाद साधारण 300 हर्ट्झच्या आसपास असतो, ‘ए’चा त्याहून वर. आता गायिका 600 हर्ट्झच्या सुरावर आहे असं धरा. तिच्या आवाजात 600, 1200, 1800, 2400 अशाच पट्टीच्या लहरी असतात. 600च्या खाली काही नसतंच, तर 300चा अनुनाद दिसणार कशात? शिवाय उंच सुरावर गायक तोंड जास्त उघडतो, त्याने ‘ई’ आणखीच ‘ए’कडे झुकतो आणि ‘ऊ’ ‘ओ’कडे. इथे यंत्राचा दोष नाही, माहितीच ध्वनीत नसते. म्हणून वरच्या सप्तकातल्या ओळींचा मसुदा कच्चाच येणार, हे गृहीत धरा. गाणं खालच्या पट्टीत उतरवून पुन्हा चालवून पाहिलं तरी जी लहर मुळात गायलीच गेली नाही ती त्यातून परत येत नाही.

आता सवयीकडे वळू. व्हिस्पर 2022 साली आलं. ते 6,80,000 तासांच्या ध्वनीवर शिकवलेलं आहे आणि तो ध्वनी वेबवरून, जोडीच्या लेखी मजकुरासह गोळा केलेला आहे. ते आवाज 30 सेकंदांच्या तुकड्यांत घेतं आणि त्या तुकड्याला शोभेल असा मजकूर एकेक घटक पुढे लिहीत जातं. पुढचा घटक ठरवताना ते ध्वनीकडे पाहतं तसंच आधी काय लिहिलं याकडेही पाहतं. बोलण्यात हे फायद्याचं असतं. गाण्यात ध्वनीचा पुरावा कमकुवत झाला की मजकुराची ओढ जिंकते. कवितेतला शब्दक्रम आणि जुने शब्द त्याला अनोळखी असतात, म्हणून ते ओळीला गद्याकडे खेचतं. वाद्यांच्या तुकड्यावर तर ध्वनीचा पुरावा शून्यच असतो. तिथे उपशीर्षकांत वारंवार येणारी वाक्यं बाहेर पडतात. ‘पाहिल्याबद्दल धन्यवाद’ छापाचं वाक्य गाण्यात दिसलं की ते इथलं समजावं.

एकच ओळ पुन्हा पुन्हा येण्याचं कारण जरा सविस्तर सांगतो, कारण मराठीला ते जास्त जाचतं. मूळ व्हिस्पर प्रत्येक तुकड्याचा मजकूर लिहून झाल्यावर तो zlibने दाबून बघतं. मूळ बाइट्स भागिले दाबलेले बाइट्स हा आकडा 2.4च्या वर गेला, तर मजकूर फेऱ्यात अडकला असं समजून ते तोच तुकडा पुन्हा लिहितं, आणि या वेळी ‘टेम्परेचर’ 0.2ने वाढवतं. तरी जमलं नाही तर 0.4, आणि असं करत 1.0पर्यंत. टेम्परेचर जितकं जास्त तितकी निवड नशिबावर. आता ध्रुवपदात तीच ओळ दोनदा-तीनदा येणं हा गाण्याचा स्वभावच आहे. त्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह युनिकोडच्या UTF-8 पद्धतीत तीन बाइट्सचं, आणि त्यातले पहिले दोन बाइट्स जवळपास नेहमी तेच ते. म्हणजे आपला साधा, पुनरावृत्ती नसलेला मजकूरही रोमन लिपीतल्या मजकुरापेक्षा जास्त दाबला जातो. परिणाम असा होतो की बरोबर लिहिलेलं ध्रुवपद ‘बिघडलेलं’ ठरून फेकलं जातं आणि त्याच्या जागी चढ्या टेम्परेचरचा भलता मजकूर येतो. खरा फेरा मात्र कधीकधी पुढच्या तुकड्यात वाहत जातो, कारण मागच्या तुकड्याचा मजकूर पुढच्याला संदर्भ म्हणून दिला जातो.

भाषेचंही असंच आहे. भाषा सांगितली नाही तर व्हिस्पर ती पहिल्या 30 सेकंदांवरून ओळखतं. गाण्याची पहिली 30 सेकंदं म्हणजे बहुतेक वेळा वाद्यांची सुरुवात. मराठी गाण्याचा मजकूर हिंदीत किंवा तिसऱ्याच भाषेत निघाला तर आधी हे तपासा.

आता करायचं काय ते. पहिलं काम म्हणजे आवाज वाद्यांपासून वेगळा काढणं. त्यासाठी डेमक्स हे साधन चांगलं आहे.

```
ffmpeg -i gane.mp3 -ar 44100 gane.wav
demucs --two-stems=vocals -n htdemucs_ft gane.wav
```

निकाल `separated/htdemucs_ft/gane/vocals.wav` इथे मिळतो. ती फाइल `gane.wav`च्या शेजारी आणून ठेवा, पुढच्या आज्ञा तिथूनच चालवायच्या आहेत. `htdemucs_ft`ला साध्या `htdemucs`च्या चौपट वेळ लागतो, तरी एकदाच करायचं काम असल्याने तेच वापरावं. इथे एक चूक फार होते. व्हिस्परला 16000 हर्ट्झचा मोनो आवाज लागतो हे माहीत असल्यामुळे लोक आधीच गाणं मोनो करतात आणि मग डेमक्सला देतात. तसं करू नये. गायक बहुधा मधोमध आणि वाद्यं डावी-उजवीकडे अशी मांडणी असते, आणि वेगळं काढताना त्या फरकाचाही उपयोग होतो. मोनो करायचं ते सगळ्यात शेवटी.

वेगळा काढलेला आवाज हेडफोन लावून नीट ऐका. दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, वाद्यांच्या जागी खरंच शांतता आहे का. व्हायोलिन, बासरी, सारंगी ही आवाजासारखी लांबणारी वाद्यं अनेकदा गळून आत येतात, आणि तिथे नसलेले शब्द उगवतात. दुसरी, शब्दांच्या कडा कापल्या गेल्यात का. आवाज पाण्याखालून आल्यासारखा, धातूसारखा वाजत असेल आणि शब्दाच्या शेवटचे ‘स’, ‘त’ गिळले गेले असतील, तर वेगळं काढताना गाण्याचंच नुकसान झालं आहे. अशा वेळी मूळ गाणं थोडं परत मिसळलं की बहुतेकदा सुधारणा होते. वाद्यं हलकी मागे राहतात, पण कापलेली व्यंजनं परत येतात.

```
ffmpeg -i vocals.wav -i gane.wav -filter_complex \
"[1]volume=0.2[b];[0][b]amix=inputs=2:normalize=0" misal.wav
```

0.2 म्हणजे साधारण 14 डेसिबलने खाली. सुरुवातीला wav करून घेतलं त्याचं एक कारण इथे आहे. एमपीथ्रीच्या सुरुवातीला एन्कोडरची बारीकशी फट असते, आणि दोन फायली काही मिलिसेकंदांनी पुढेमागे झाल्या तर मिसळल्यावर आवाज पोकळ होतो.

दुसरं काम तुकडे पाडण्याचं. सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो असं माझं मत आहे, मॉडेल बदलल्याने पडतो त्याहून जास्त. अख्खं गाणं एका दमात देऊ नका. 12 ते 25 सेकंदांचे तुकडे करा, प्रत्येक तुकडा श्वासाच्या जागी सुरू होऊन श्वासाच्या जागी संपेल असा, आणि दोन्हीकडे अर्धा सेकंद मोकळा ठेवा. 30 सेकंदांच्या आत राहिल्याने व्हिस्पर स्वतः भलत्या जागी तुकडा तोडत नाही. लांबलेल्या स्वराच्या मध्येच तोड पडली की उरलेला ‘आऽऽ’ किंवा ‘ईऽऽ’ पुढच्या तुकड्यात नवा शब्द बनतो. दोन-तीन सेकंदांचे तुकडेही नकोत, कारण उरलेली जागा शांततेने भरली जाते आणि ती शांतताच यंत्राला बहकवते. शक्यतो एका तुकड्यात एकच ओळ दोनदा येऊ देऊ नका. त्याने वर सांगितलेल्या फेऱ्याचा प्रश्न मुळातच निघून जातो.

श्वासाच्या जागा शोधायला हे चालतं:

```
ffmpeg -i vocals.wav -af silencedetect=noise=-35dB:d=0.6 -f null -
```

ध्वनिमुद्रणात घुमारा जास्त असेल तर शांतता सापडणारच नाही. मग -35च्या जागी -28 करून पाहा, किंवा ऑडॅसिटीत उघडून डोळ्यांनी जागा धरा. चार मिनिटांच्या गाण्याचे दहा-बारा तुकडे होतात, हाताने करायलाही फार वेळ लागत नाही. तुकडा असा काढायचा, मिसळ केली असेल तर `vocals.wav`च्या जागी `misal.wav` घालून:

```
ffmpeg -i vocals.wav -ss 00:00:33.6 -to 00:00:51.8 -ac 1 -ar 16000 m1.wav
```

आपोआप तुकडे पाडणारी सोय अनेक साधनांत असते, ‘बोलणं चालू आहे का’ हे ओळखणारी. ती गाण्यासाठी बंद ठेवावी. ती बोलण्यावर शिकलेली असते, त्यामुळे लांब सूर तिला बोलणं वाटत नाही आणि ओळीचा शेवट ती कापून टाकते. अख्खा अंतरा मसुद्यातून गायब झाला असेल तर पहिला संशय हिच्यावर घ्यावा.

तिसरं काम व्हिस्पर चालवणं.

```
for f in m[0-9]*.wav; do
  whisper "$f" --model large-v3 --language mr \
    --condition_on_previous_text False \
    --temperature 0 --temperature_increment_on_fallback None \
    --no_speech_threshold 0.95 --word_timestamps True \
    --output_format json --output_dir l3
done
```

`--language mr`ने भाषेचा अंदाज बंद होतो. `--condition_on_previous_text False`ने मागच्या तुकड्याची घाण पुढे वाहत नाही. टेम्परेचरची वाढ `None` केल्याने दाबून बघण्याच्या त्या कसोटीला काही करताच येत नाही, पहिलाच निकाल कायम राहतो. तो फेऱ्यात अडकलेला असेल तर तसा स्पष्ट दिसतो. मग टेम्परेचर वाढवायचं नाही, तो तुकडा अजून छोटा करायचा. `--no_speech_threshold` वाढवायचं कारण असं की गाण्यावर ‘इथे बोलणं नाही’ असा कौल सहज लागतो आणि यंत्राचा स्वतःच्या मजकुरावरचा भरवसाही कमी असला तर ते ओळ सरळ वगळतं. गाणं आहे हे आपण ऐकून ठरवूनच तुकडा काढला आहे, मग यंत्राला ते ठरवू देण्याची गरज नाही.

मोठ्या मॉडेलला ग्राफिक्स कार्डावर सुमारे 10 जीबी जागा लागते, `medium`ला 5. तेवढं नसेल तर प्रोसेसरवर चालतं, फक्त सावकाश.

आता हेच सगळं `large-v2`ने, `--output_dir l2` देऊन, पुन्हा चालवा. दोन्ही एकाच घरातली मॉडेलं, पण त्यांच्या चुका नेमक्या एकाच जागी पडत नाहीत. जिथे दोघांचं एकमत, तिथे शब्द बहुधा बरोबर. जिथे मतभेद, तिथेच आपले कान लावायचे. JSONमध्ये प्रत्येक शब्दाला `probability` असते आणि ओळीला `avg_logprob`. ओळीचा आकडा -0.5च्या वर असेल तर मसुदा हाताशी धरण्याजोगा, -1च्या खाली गेला तर ती ओळ यंत्राने रचली असं समजून कोऱ्या कानाने ऐकावी. हा माझा व्यवहारातला अंदाज आहे, नियम नाही. शब्दांच्या वेळांवर मात्र फार विसंबू नका, लांबलेल्या स्वरात त्या हमखास सरकतात.

`--initial_prompt`मध्ये गाण्यातली माहीत असलेली नावं किंवा अनवट शब्द देता येतात, आणि तुकडे छोटे असल्यामुळे ते प्रत्येक तुकड्याला लागूही होतं. पण पाच-सहा शब्दांवर जाऊ नका. पुरावा कमकुवत असला की यंत्र हे शब्द गाण्यात घुसवायला लागतं. सुचवलेला शब्द मसुद्यात आला म्हणून तो गायला गेला असं समजू नये. सुचवणी काढून एकदा चालवून पाहिलं की खरं काय ते कळतं.

इथवर यंत्राचं काम झालं. आता दुरुस्ती कशी होते ते एका ध्रुवपदावर दाखवतो. ओळी उदाहरणापुरत्या रचल्या आहेत:

सांजवेळी दूर कोठे दीप कोणी लावला
वाट माझी पाहताना पापण्यांशी थांबला

गाणं 4 मिनिटं 12 सेकंदांचं, पहिली 34 सेकंदं वाद्यं, आणि ध्रुवपद चार वेळा येतं असं धरू. अख्खं गाणं तसंच दिलं तर सुरुवातीच्या वाद्यांवर आभाराचं एखादं वाक्य येतं, पहिल्या ध्रुवपदाचे तुटक शब्द येतात, आणि तिसऱ्या ध्रुवपदापासून ‘दूर कोठे दूर कोठे’ असा फेरा सुरू होतो. आवाज वेगळा काढून, चारही ध्रुवपदांचे चार तुकडे करून चालवल्यावर अशा प्रकारचं काहीतरी हाती येतं:

पहिलं: सांजवेळी ही दूर कोठे ती कोणी लावला / वाट माझी पाहताना आपण यांशी थांबला
दुसरं: सांज वेळी दूर कोठे दीप कोणी लावला / वाट माझी पाहताना आपण यांशी थांबला
तिसरं: सांजवेळी दूर गोठे ती कोणी लावला / वाट माझे पाहताना पापण्या शी थांबला
चौथं: सांजवेळी ही दूर कोठे दीप कोणी लावला / वाट माझी पाहताना आपण यांशी थांबला

चारही एकाखाली एक लिहून घेतले की प्रत्येक चुकीमागचं कारण दिसायला लागतं. ‘ही’ कुठून आलं? ‘ळी’चा ‘ई’ लांबवून गायक दुसऱ्या सुरावर गेला आणि जाताना श्वासाचा बारीक धक्का दिला. त्या धक्क्याला यंत्राने ‘ह’ मानलं. मराठीत ‘ही’ हा शब्द इतका वापरातला आहे की तो लगेच जागेवर बसतो. असे फुकटचे ‘ही’, ‘हा’, ‘हे’, ‘ए’ गाण्याच्या प्रत्येक मसुद्यात सापडतील. शब्दाचा शेवटचा स्वर आणि त्याच स्वराचा ‘ह’वाला जोडीदार लागोपाठ दिसले की आधी संशय घ्यावा.

‘ती कोणी लावला’मध्ये ‘दीप’चा ‘प’ गिळला गेला आहे, कारण पुढे लगेच ‘क’ येतो आणि गायकाने ‘प’ सोडलाच नाही. उरलेल्या ‘दी’चा ‘द’ ठेक्याखाली दबून ‘त’ झाला. ऐकण्याआधीच हे चूक आहे हे व्याकरण सांगतं. ‘लावला’ आहे म्हणजे लावलेली वस्तू पुल्लिंगी हवी, ‘ती’ तिथे बसत नाही.

‘आपण यांशी’ ही चूक मात्र नीट पाहण्यासारखी आहे, कारण ती चारपैकी तिघांत आली आहे. बहुमत घेतलं असतं तर चूकच पक्की झाली असती. ‘पा’ समेच्या आघातावर पडतो, प्रत्येक ध्रुवपदात त्याच जागी, म्हणून पहिला ‘प’ बहुतेक वेळा झाकला जातो. उरतं ‘आपण्यांशी’, आणि त्याला सगळ्यात जवळचे वापरातले शब्द म्हणजे ‘आपण यांशी’. जी चूक तालाच्या एकाच जागेमुळे होते ती किती वेळा गायली तरी बहुधा तशीच होणार. बहुमत फक्त योगायोगाच्या चुका धुऊन काढतं.

ही चूक पकडायला मात्रा उपयोगी पडतात. ऱ्हस्व अक्षराची 1, दीर्घाची 2. ‘सांजवेळी’ 7, ‘दूर कोठे’ 7, ‘दीप कोणी’ 7, ‘लावला’ 5, एकूण 26. दुसऱ्या ओळीत ‘वाट माझी’ 7, ‘पाहताना’ 7, ‘थांबला’ 5. म्हणजे मधल्या शब्दाला 7 हव्यात. ‘आपण यांशी’ मोजा: 2, 1, 1, 2, 2 मिळून 8. एक जास्त. ‘पापण्यांशी’ 2, 1, 2, 2 मिळून नेमक्या 7. इथे ‘ण्यां’ हे जोडाक्षर आधीच्या ‘प’वर आघात देत नाही, म्हणून तो ‘प’ 1च राहतो. ‘ती कोणी’च्या 6 होतात, एक कमी. ‘सांजवेळी ही’च्या 9, दोन जास्त. तिन्ही चुका चालीला हात न लावता नुसत्या मोजणीत उघड्या पडतात. सगळीच गाणी इतक्या घट्ट वृत्तात नसतात. मुक्त रचनेत हा आधार मिळणार नाही, तिथे यमक आणि कडव्यांची रचना एवढंच हाती राहतं. पण मात्रावृत्तातलं गाणं असेल तर मसुदा दुरुस्त करायला याइतकं खात्रीचं साधन नाही.

‘गोठे’ आणि ‘कोठे’ मात्र मात्रांनी सुटत नाही, दोन्हींच्या 4च. तो अर्थाने सुटतो, आणि चारपैकी तिघांनी ‘कोठे’ दिलं आहे. ही योगायोगाची चूक, इथे बहुमत चालतं. ‘वाट माझे’ तशीच.

एखादा शब्द तरीही लागत नसेल तर तेवढाच तुकडा वेग बदलून ऐकवून पाहा. फार संथ गाण्यात `-af atempo=1.3` लावलं की स्वर आखडतात आणि गाणं बोलण्याच्या चालीजवळ येतं, यंत्राला ते सोपं जातं. भरभर शब्द टाकणाऱ्या गाण्याला उलट `atempo=0.85`. तिथे आणखी एक गोष्ट आडवी येते. व्हिस्पर एका 30 सेकंदांच्या तुकड्याला 224 टोकनच, म्हणजे वर सांगितलेले मजकुराचे घटकच, लिहितं, आणि देवनागरीतल्या एका शब्दाला बरीच टोकनं खर्ची पडतात. रॅपचा मसुदा तुकड्याच्या शेवटी मध्येच तुटत असेल तर तुकडे 10 सेकंदांपर्यंत खाली आणा.

काही ठिकाणी मात्र यात वेळ घालवू नये. दोन गायक एकाच वेळी वेगवेगळे शब्द गात असतील तर डेमक्स दोघांनाही ‘आवाज’ म्हणून एकाच फायलीत ठेवतं आणि मजकुराची खिचडी होते. कोरस मागे वेगळ्या ओळी गात असेल तरी तेच. आलाप, ताना, सरगम यांचा मसुदा काढूच नका, ते तुकडे वगळा, नाहीतर प्रत्येक तानेचं एकेक वाक्य होईल. जिथे घुमारा इतका आहे की मागचा शब्द पुढच्यावर चढतो, तिथे एक-दोनदा प्रयत्न करून कानानेच लिहावं, ते लवकर होतं.

मसुदा पुढे कुणाला द्यायचा असेल तर संशयाचे शब्द चौकटी कंसात घालून शेजारी वेळ लिहा, उदाहरणार्थ ‘वाट माझी पाहताना [पापण्यांशी 0:47] थांबला’, आणि यंत्राने दिलेला पर्यायही ठेवा. दुरुस्त करणाऱ्याने तो तुकडा आधी मूळ गाण्यात ऐकावा, वेगळ्या काढलेल्या आवाजात नंतर. आधी यंत्राचा शब्द वाचून मग ऐकलं की कानालाही तोच ऐकू यायला लागतो, म्हणून पहिल्या ऐकण्याच्या वेळी मसुदा समोर नसलेला बरा.